डिक्कीतलं हेल्मेट आणि न ऐकलेली व्हॉइस नोट

*ताई, मी २७ वर्षांची, नाशिकमध्ये सातपूरला एका कंपनीत अकाउंट्स बघते. मला दोन जणांनी घोस्ट केलं. पहिला, ॲपवर ओळख झालेला मुलगा. चार महिने भेटत होतो. दर रविवारी मिसळ, मग गंगापूर धरणावर चक्कर. पाडव्याला घरी ये, आईशी ओळख करून देतो, हे त्यानेच म्हटलं होतं. रंगपंचमीला शनी चौकातल्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, धप्पा मारायच्या आधी त्याने हेल्मेट माझ्याकडे दिलं, ते अजून माझ्या स्कूटरच्या डिक्कीत आहे. त्यानंतर चार दिवसांत तो गायब झाला. माझे स्टेटस मात्र बघतो. दुसरी, शाळेपासूनची माझी मैत्रीण. आम्ही दोघी पंचवटीतल्या. ती लग्न होऊन पुण्याला गेली, आता तिला सात महिन्यांचं बाळ आहे. बारसं झालं तेसुद्धा मला स्टेटसवरून कळलं. आधी रोज बोलायचो, आता संक्रांतीच्या फॉरवर्डपलीकडे काही नाही. दोघंही असे गेले म्हणजे खोट माझ्यातच असणार ना? जाब विचारू, की दोघांनाही ब्लॉक करून मोकळी होऊ?*

तुझं पत्र आलं तेव्हा मी तुला उलट एक काम लावलं होतं. दोघांशी झालेली शेवटची दहा-दहा बोलणी कागदावर उतरव: तारीख, सुरुवात कोणी केली, त्यात प्रश्न होता का, उत्तर कोणाकडून किती वेळाने आलं. मनात काय आलं ते लिहायचं नाही. तू दोन पानं पाठवलीस, पट्टीने रकाने आखून. अकाउंट्सवाली शोभतेस. मीही बावीस वर्षं बँकेत काढली आहेत, त्यामुळे पत्रापेक्षा मला ती दोन पानंच जास्त बोलली. एका पानावर घोस्टिंग आहे. दुसऱ्या पानावर नाही. आणि तू दोन्ही पानांना एकच मथळा दिला आहेस, सगळा गोंधळ तिथून सुरू होतो.

शब्दापासूनच सुरू करू. मेरियम-वेब्स्टर या अमेरिकी शब्दकोशाने ‘घोस्ट’ हे क्रियापद या अर्थाने २०१७ मध्ये घेतलं: कोणाशी असलेला संपर्क अचानक, काही न सांगता तोडून टाकणं. मला पहिल्यांदा हा शब्द भाचीने सांगितला तेव्हा गंमत वाटली होती, कारण आपलं भूत नेमकं उलटं वागतं. ते जात नाही, मानगुटीवर बसतं. पण तुझ्या पत्रातली डिक्की वाचली आणि वाटलं, दोन्ही भुतं एकच असावीत. जाणारा जातो आणि हेल्मेट मानगुटीवर बसतं.

मराठीत याला नेमका शब्द नाही, पण शेजारचे शब्द भरपूर आहेत आणि ते लावून बघितले की हे काय नाही ते कळतं. अबोला म्हणजे घोस्टिंग नव्हे. अबोला धरणारा समोरच असतो, ताट आपटतो, त्याच्या गप्प बसण्यातही ‘विचार ना मला’ असं एक आमंत्रण असतं. अबोला हे बोलणंच आहे. दुरावा म्हणजेही घोस्टिंग नव्हे, त्याबद्दल पुढे सविस्तर. सगळ्यात जवळचं आहे ते आपलं कांदेपोह्यांचं ‘कळवतो’. ‘आठवड्याभरात कळवतो’ म्हणून गेलेली मंडळी सहा महिने कळवत नाहीत, हे आपल्या घरांना नवीन नाही. पण तिथे मध्यस्थ असायचा. तो चार दिवसांनी येऊन ‘पत्रिका जमत नाहीये हो’ म्हणायचा, आणि सगळ्यांना कळायचं की पत्रिकेचा काही संबंध नाही. खोटं का होईना, उत्तर पोचायचं. ॲपवर भेटलेल्या दोघांमध्ये तो मध्यस्थ नसतो. सामायिक मावशी नाही, एकच गल्ली नाही, एकच ऑफिस नाही. नकार द्यायचा तर स्वतःच्या तोंडाने द्यावा लागतो, आणि नाही दिला तर चारचौघांत जाब विचारणारंही कोणी नसतं. तोंड चुकवणारी माणसं आधीही होतीच. आता तोंड चुकवण्यावर कुणाचं लक्ष नसतं, एवढाच फरक.

म्हणून माझी व्याख्या बँकेतली आहे. घोस्टिंग म्हणजे देणं लागत असलेलं उत्तर बुडवणं. नुसतं गप्प होणं नाही. तो उत्तर देणं लागत होता का, हे आधी बघायचं. ॲपवर दोन दिवस गप्पा झाल्या आणि समोरचा थांबला, तर माझ्या मते तो काही देणं लागत नाही. दुकानात शिरून न घेता बाहेर पडावं तितकंच ते. एकदा कॉफी प्यायली असेल तर एका ओळीचं देणं. चार महिने दर रविवारी भेटून, पाडव्याला आईला भेटवण्याची गोष्ट स्वतः काढल्यावर? तिथे तो पुरता देणेकरी आहे, तुम्ही नात्याला काही नाव दिलं होतं की नाही याने फरक पडत नाही.

आता त्याचं पान बघू. १९ मार्च, रंगपंचमी. २० तारखेला तू फोटो पाठवलेस, त्याने तासाभरात तीन हसरे चेहरे पाठवले. २१ तारखेला तू ‘रविवारी भेटायचं ना?’ विचारलंस, उत्तर पाच तासांनी: ‘बघतो, सांगतो.’ २३ तारखेला, रविवारी सकाळी, तुझं ‘किती वाजता?’ आणि तिथून पुढे तुझ्याच ओळी. २४ ला न उचललेला फोन, २७ ला ‘सगळं ठीक ना?’, ३० ला पाडव्याच्या शुभेच्छा, २ एप्रिलला ‘काही चुकलं का माझं?’ शेवटच्या ‘सांगतो’ला तारीख आहे, प्रश्नाला तारीख आहे, आणि त्यानंतर एकतर्फी रकाना आहे. तुटलेली जागा बोट ठेवून दाखवता येते. हीच घोस्टिंगची खूण. कधी थांबलं असं विचारलं तर वार सांगता येतो.

याच पानावर आणखी एक गोष्ट आहे, ती तुझ्या नजरेतून सुटली आहे. ८ मार्चपासून पुढचं प्रत्येक बोलणं तू सुरू केलं आहेस. फेब्रुवारीत त्याचं उत्तर दहा मिनिटांत यायचं, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ते दोन-तीन तासांवर गेलं. म्हणजे कडा तुटली २३ तारखेला, पण उतार पंधरा दिवस आधी लागला होता. हे मी तुला दोष द्यायला सांगत नाही. ‘रहाडीवर मी काही बोलले का, हसले का’ म्हणून तू तो एकच दिवस उलटा-पालटा करत बसली आहेस, म्हणून सांगते. त्या दिवशी काही बिनसलं नव्हतं. तो आधीच निघाला होता, फक्त हेल्मेट विसरला.

स्टेटसचं बघू, कारण तू त्यावरच सगळ्यात जास्त लिहिलं आहेस. तू म्हणतेस, मेसेजवर दोन करड्या खुणा येतात, निळ्या होत नाहीत, पण स्टेटस बघणाऱ्यांत त्याचं नाव दिसतं. यावरून काय कळतं ते शांतपणे बघ. दोन खुणा म्हणजे मेसेज त्याच्या फोनवर पोचला. ब्लॉक केलं असतं तर एकच खूण राहिली असती. (नुसत्या एका खुणेवरून मात्र ब्लॉक ठरवू नये, फोन बंद असला तरी एकच येते.) दुसरं, ज्याने वाचल्याच्या निळ्या खुणा बंद केलेल्या असतात, त्याचं नाव आपल्या स्टेटसखाली दिसत नाही. त्याचं दिसतंय, म्हणजे त्याच्या खुणा चालू आहेत. चालू असून निळ्या होत नाहीत, म्हणजे तो तुझं चॅट उघडतच नाही. वरच्या पट्टीत दोन शब्द वाचत असेल आणि बाजूला सारत असेल. फोन हरवला असेल, नंबर बदलला असेल, दवाखान्यात असेल, या सगळ्या शक्यता इथे संपतात. शिवाय तुझ्या मैत्रिणीच्या भावाने त्याला मागच्या आठवड्यात कॉलेज रोडला पाहिल्याचं तू पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं आहेस. तू ते बारीक का लिहिलंस, हे मला कळलं.

आणि तो स्टेटस बघतो याचा अर्थ? बहुधा काहीही नाही. एकाचं स्टेटस संपलं की पुढच्याचं आपोआप सुरू होतं. भाजीवाल्याचं, आतेभावाचं आणि तुझं, एका रांगेत. तुझ्या आठवणीने त्याचा अंगठा थरथरत असेल असं धरून तू रोज रात्री यादी उघडतेस. नको उघडूस. स्टेटसच्या प्रायव्हसीत जाऊन त्याला वगळ, दोन मिनिटांचं काम आहे. ब्लॉकपेक्षा हे मला बरं वाटतं, कारण ब्लॉक केलं की ‘आता त्याने मेसेज केला असेल आणि मला आला नसेल’ ही नवी टोचणी सुरू होते.

हे इतके दिवस का टोचतं, त्याला कारण आहे. पॉलीन बॉस नावाच्या अमेरिकी अभ्यासक १९७०च्या दशकात युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांसोबत काम करत होत्या. माणूस गेला म्हणावं तर पुरावा नाही, आहे म्हणावं तर माणूस नाही. अशा अधांतरी दुःखाला त्यांनी वेगळं नाव दिलं, कारण त्यात दुःख पुढे सरकत नाही, दार उघडं ठेवून बसावं लागतं. तुझं दुःख त्या बायकांएवढं आहे असं मी म्हणत नाही. घडण तीच आहे. म्हणून तुला उत्तर मिळवायचं नाहीये, दार लावायचं आहे. ही दोन कामं वेगळी आहेत, आणि दुसरं तुझ्या हातात आहे.

तर एकच शेवटचा मेसेज पाठव. त्यात प्रश्नचिन्ह नको. प्रश्न विचारलास की पुन्हा वाट बघणं आलं. असं काहीसं लिही: ‘२३ मार्चपासून तुझ्याकडून काही आलं नाही. त्यावरून तुला हे पुढे न्यायचं नाही असं मी धरते. सांगितलं असतंस तर बरं झालं असतं. तुझं हेल्मेट माझ्याकडे आहे. रविवारी सकाळपर्यंत कुठे ठेवू ते कळव, नाहीतर मी ते कोणाला तरी देऊन टाकीन.’ यात राग आहे, पण भीक नाही. आणि रविवारी खरंच देऊन टाक. अंबडला त्याच्या कंपनीच्या गेटवर जाऊन वॉचमनकडे ठेवण्याचा तुझा बेत मात्र रद्द कर. तो बेत हेल्मेटसाठी नाही, हे तुलाही माहीत आहे. मध्ये कोणाला घालून ‘विचारून बघ ना’ हेही नको. जो दहा शब्द टाइप करत नाही, तो तिसऱ्याकडून जे पाठवेल ते पत्रिका न जमण्याइतकंच खरं असेल.

त्याने असं का केलं? मला माहीत नाही आणि अंदाजही करणार नाही. पण माणूस हे कसं करतो ते सांगू शकते, कारण मी केलं आहे. वीस वर्षांपूर्वी माझी एक मैत्रीण कोर्टकचेरीत अडकली होती. रोज रात्री फोन यायचा, तास-तास. मी थकले होते. एका रात्री घंटी वाजू दिली, म्हटलं उद्या करते. उद्या केला नाही. तिसऱ्या दिवशी फोन करायचा तर आधी दोन दिवसांचा खुलासा द्यावा लागणार होता, म्हणून नाही केला. तीन आठवड्यांनी खुलासा इतका मोठा झाला की तो देणंच अशक्य वाटू लागलं. व्याजासारखंच ते, दिवसागणिक चढत गेलं. मला ती नकोशी झाली होती असं नाही. मला माझी लाज नकोशी झाली होती. वर्षभराने रविवार कारंज्यावर समोरासमोर आलो. ती म्हणाली, ‘नंबर बदललास का गं?’ मी हो म्हणाले. तिने मान हलवली. नंबर तोच होता, आणि ते तिलाही माहीत होतं.

अमेरिकेत २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असंच काहीसं दिसलं: गायब होणाऱ्यांना समोरच्याची जेवढी पर्वा असते, तेवढी ती असेल असं मागे राहिलेल्यांना वाटत नाही. हे वाचून लगेच त्याला माफ करायला धावू नकोस. पर्वा होती म्हणून देणं फिटत नाही. तुला एवढंच घ्यायचं आहे की त्याच्या गप्प बसण्यातून तुझी किंमत कळत नाही. त्याला अवघड बोलता येत नाही, एवढंच कळतं.

इथे एक अपवाद सांगून टाकते, कारण हे सदर इतर मुलीही वाचतात. समोरचा धमकावत असेल, पाठलाग करत असेल, पैसे किंवा फोटो मागत असेल, नाही म्हटल्यावर आणखी चढत असेल, तर काही न सांगता गायब व्हा. तिथे कोणी काही देणं लागत नाही. आधी मेसेजचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, मग ब्लॉक करा, आणि घरात एकाला तरी सांगा. एकदा स्पष्ट ‘नाही’ सांगून झाल्यावर दहाव्यांदा आलेल्या ‘का?’ला गप्प राहणं हेही घोस्टिंग नाही. उत्तर देऊन झालेलं आहे.

आता दुसरं पान.

हे पान मी तीनदा वाचलं. २०२२ मध्ये रोज. २०२३ मध्ये रविवारी दुपारी फोन, तोही पुढे पंधरा दिवसांनी. लग्न, मग पुणे. २०२४ मध्ये तुझ्या वाढदिवसाला तिचा फोन, तिच्या वाढदिवसाला तुझा मेसेज. ऑक्टोबरमध्ये बाळ. १४ जानेवारीला तिच्याकडून तिळगुळाचं चित्र, तुझ्याकडून दुसरं चित्र. सांग बरं, हे कधी थांबलं? वार सांगता येत नाही. बोट ठेवायला जागाच नाही. पाणी आटत गेलेलं आहे, कोणी बांध घातलेला नाही. आणि उत्तरांचा रकाना बघितला तर दोन्ही बाजूंनी सारखाच आटलेला.

सारखाच म्हणाले, पण एक ओळ आहे. ४ नोव्हेंबर, भाऊबीजेचा दुसरा दिवस. तिच्याकडून व्हॉइस नोट, ४ मिनिटं १२ सेकंद. तू पुढे लिहिलं आहेस: ‘ऑडिट चालू होतं, पूर्ण ऐकली नाही. हार्ट पाठवलं.’ या संपूर्ण पानावर एकच न दिलेलं उत्तर आहे, आणि ते तुझ्याकडे थकलं आहे. तू तिला घोस्ट केलंस असं मी म्हणणार नाही, ते अन्यायाचं होईल. तू हार्ट पाठवलंस, पुढे संक्रांतीचं चित्रही. पण महिन्याभराच्या बाळंतिणीने चार मिनिटं बोलून काहीतरी सांगितलं आणि तिला लाल बदाम मिळाला, हे तिच्या बाजूने कसं दिसलं असेल? तिनेही एखाद्या ताईला पत्र लिहिलं असेल तर त्यात घोस्ट करणारी तू असशील.

अजून एक विचारते. पहिलं बाळंतपण. माहेर पंचवटीत, आई-वडील इथेच. मग ते पुण्यात का झालं? तुझ्या पत्रात याचा उल्लेख नाही आणि मी वेगळं विचारलं तेव्हा तू ‘माहीत नाही’ लिहिलंस. पूर्वी तिच्या घरी कुकरची शिट्टी कितीदा झाली तेही तुला माहीत असायचं. काहीतरी असणार. प्रकृती नाजूक असेल, आईला बरं नसेल, सासरचा आग्रह असेल. ते कदाचित त्या चार मिनिटांत आहे. बारशाचं निमंत्रण न आल्याचा सल खराच आहे, तो मी खोडत नाही. तो तिला सांगायलाही हरकत नाही, पण दुसऱ्या किंवा तिसऱ्या फोनवर. पहिल्या नाही.

दुरावा कसा येतो, तर बहुतेक वेळा नात्याखालचा टेकू निघतो म्हणून. माझी नोकरी मुंबईला होती, सहा वर्षं मी पंचवटी एक्स्प्रेसची पासधारक होते. रोज सकाळी नाशिकरोड स्टेशन, ठरलेला डबा, ठरलेल्या आठ जणी. कोणाच्या डब्यातली चटणी, कोणाचं डोहाळजेवण कसाऱ्याच्या घाटात, कोणाच्या मुलाची दहावी. नवऱ्यांना माहीत नसलेल्या गोष्टी त्या डब्याला माहीत होत्या. माझी नाशिकला बदली झाली. पहिल्या महिन्यात रोज फोन, तिसऱ्या महिन्यात ग्रुपवर सुप्रभात, वर्षाने तेही नाही. कोणी कोणाला टाकलं? कोणीच नाही. आम्हाला जोडून ठेवणारी गाडी होती, आणि मी गाडीतून उतरले. तुमचा टेकू होता एक गल्ली आणि शाळा. तो गेल्यावर फोनवर नातं उभं ठेवायला मुद्दाम कष्ट लागतात. ते एकीने नव्या घरात गुंतून केले नाहीत आणि दुसरीने ऑडिटमध्ये.

बँकेत बचत खात्यावर दोन वर्षं ग्राहकाने व्यवहार केला नाही की ते निष्क्रिय धरतात. लोक घाबरून येतात, ‘आमचं खातं बंद केलं!’ बंद नसतं हो. पैसे असतात, व्याजही चालू असतं. ओळखीचे कागद घेऊन यायचं, केवायसी करायची, की चालू. विरळ झालेली मैत्री अशी असते. बुडवलेलं उत्तर ही वेगळी गोष्ट. तिथे समोरचा पत्त्यावर सापडत असून दार उघडत नाही. दोन्हींत फरक ओळखायची खरी कसोटी हीच आहे, कागदावरच्या तारखांपेक्षाही: एकदा नीट दार वाजवून बघायचं. त्याचं दार तू पाच वेळा वाजवलंस. तिचं एकदाही नाही.

नीट वाजवायचं म्हणजे कसं, ते सांगते, कारण इथे बऱ्याच जणी चुकतात. ‘विसरलीस का मला?’ हे दार वाजवणं नाही, ही वसुलीची नोटीस आहे. ‘कशी आहेस?’ हेही कमी पडतं. तिला वाटतं हाही फॉरवर्डच. जुन्या मैत्रीत सगळ्यात चांगली चालते ती दोघींनाच कळेल अशी एक बारीक गोष्ट आणि आपल्या बाजूची चूक. म्हणजे, ‘आज शाळेवरून गेले, ती बोरवाली अजून बसते. तुझी दिवाळीतली व्हॉइस नोट मी धड ऐकली नव्हती, आज ऐकली. फोन करायचा आहे, बाळ झोपतं कधी?’ यातला शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. त्याला उत्तर द्यायला दहा सेकंद लागतात, आणि त्यात तिच्या सध्याच्या आयुष्याची दखल आहे. इतक्या महिन्यांनी कसं करू, असा संकोच वाटला तर हेही लक्षात ठेव: २०२२ मध्ये अमेरिकेत यावर बरेच प्रयोग झाले, आणि ध्यानीमनी नसताना जुन्या ओळखीच्या माणसाने विचारपूस केली तर समोरच्याला, विचारणाऱ्याला वाटतं त्यापेक्षा जास्त बरं वाटतं, असं त्यात आढळलं.

उत्तर यायला आठ-दहा दिवस लागले तर लागू देत, घरात तान्हं आहे. दोन-तीन आठवडे काहीच आलं नाही तर एकदा फोन कर, मेसेज नाही. आणि पंचवटीत तिच्या आईकडे जायला तुला कोणाची परवानगी लागत नाही. इतकी वर्षं तू त्या घरी जेवलेली आहेस. ‘काकू, सहज आले’ एवढं पुरतं. ॲपवरच्या मुलाच्या बाबतीत जे करू नको म्हणाले, तेच इथे कर म्हणते आहे, कारण इथे मध्ये माणसं आहेत आणि ती दोघींची आहेत.

असंही होईल की फोन होईल, छान होईल, आणि पुन्हा सहा महिने काही नाही. तर ती मैत्री आता सणावाराची आहे. माझ्या त्या आठ जणींपैकी एकीशी मी अजून बोलते, वर्षातून दोनदा, आणि दोन्ही वेळा तासभर. आम्ही कोणी त्याला काही नाव दिलेलं नाही.

खोटीचं तू विचारलंस. दोन घटना एका वर्षात झाल्या म्हणून तू त्यांची बेरीज केलीस. वेगळ्या प्रकारच्या नोंदी एका रकान्यात मांडून बेरीज करत नाहीत, हे मी तुला शिकवायला नको. त्याच्या पानावर तुझ्या बाजूला थकबाकी शून्य आहे. तिच्या पानावर ४ मिनिटं १२ सेकंद आहे.

ती आज रात्री ऐक, कानाला लावून, शेवटपर्यंत. ब्लॉकचं नंतर बघू.